आनुवंशिक आजार निघालाय. भावंडांना मेसेजमध्ये किती आणि काय सांगावं?

सांजवात
वय ३८. नेहमीच्या तपासणीत बीपी १५०/९६ निघालं. या वयात एवढं बीपी का, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, आणि दोन्ही किडन्यांत भरपूर सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठी, दिसल्या. नेफ्रॉलॉजिस्टने निदान केलं: पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, म्हणजे पीकेडी. क्रिएटिनिन १.१ आहे आणि किडनीचं काम अजून चांगलं चालू आहे. बीपीची गोळी सुरू केली आहे, सहा महिन्यांनी परत जायचंय.

आता घरच्यांना सांगायचंय. थोरली बहीण ४१ वर्षांची, धाकटा भाऊ २९ चा, आई ६६ ची. वडील नाहीत. तिघंही वेगवेगळ्या गावी असतात. फोनवर माझा आवाज हलेल आणि समोरच्याला भलतंच वाटेल, म्हणून आधी मेसेज आणि मग फोन असं मनात आहे. हा मसुदा पाहा:

"सगळ्यांना, आधी घाबरू नका. माझी सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्यांत खूप गाठी आहेत. डावी १४.६ सेंमी, उजवी १४.१. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ८८. पुढे डायलिसिस लागू शकतं, पण लगेच नाही. हे आनुवंशिक असतं, त्यामुळे तुम्हीपण तपासून घ्या. बाकी मी ठीक आहे. फोन करू नका, मीच करेन."

घरच्या ग्रुपवर टाकणार होतो. टाकायच्या आधी इथे विचारतोय. काय ठेवू, काय काढू?

मधुरा_क
ग्रुपवर नको. बाकी नंतर बोलू, पण ग्रुपवर अजिबात नको.

दिगंत
माझ्याही सोनोग्राफीत किडनीत एक सिस्ट निघाली होती. डॉक्टर म्हणाले, वय वाढलं की अशा सिस्ट होतात, काही करायचं नसतं. उगाच सगळ्या घराला कशाला कामाला लावायचं? त्रास सुरू झाला की सांगता येईल.

खुसपट
दिगंत, तुमची एकटी सिस्ट आणि यांचा आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी "दोन्ही किडन्यांत भरपूर" लिहिलंय.

सांजवात, मसुद्यातला पहिला शब्दच "घाबरू नका" आहे, म्हणजे वाचणारा तिथेच घाबरणार. आणि "फोन करू नका" वाचून तर मी पहिल्यांदा फोनच केला असता.

नेफ्रोताई
मी डायलिसिस युनिटमध्ये बरीच वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे माझं बोलणं तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टकडून पडताळून घ्या. पण पीकेडीची कुटुंबं जवळून पाहिली आहेत.

दिगंत यांचं निम्मं बरोबर आहे. एखाददुसरी साधी सिस्ट खूप जणांना असते आणि ती निरुपद्रवी असते. पीकेडीत किडन्या सिस्टनी भरत जातात आणि आकाराने वाढतात. साधारण किडनी १० ते १२ सेंमी असते, यांच्या १४ च्या वर आहेत. काम मात्र पुष्कळ वर्षं टिकतं, कारण उरलेला चांगला भाग जास्तीचं काम ओढतो. क्रिएटिनिन चांगलं आहे ते यामुळेच.

"त्रास झाला की सांगू" हे या आजारात चालत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. आणि त्रास असा बहुधा होतच नाही. बीपी गुपचूप वाढतं आणि किडनीचं नुकसान करत राहतं. बीपी वेळेवर धरलं तर पुढचा प्रवास लांबवता येतो. म्हणजे ताई आणि भाऊ यांच्या दृष्टीने ही बातमी उपयोगाची आहे.

मी हा मेसेज लिहिला असता तर कागदाचे दोन भाग केले असते. एका बाजूला फक्त तुमचं असलेलं: किडनीची लांबी, ईजीएफआर, डायलिसिसची भीती. दुसऱ्या बाजूला त्यांचंही असलेलं: आजाराचं नाव, तो घरात येऊ शकतो ही गोष्ट, कोणती तपासणी, किती घाई. तुमच्या मसुद्यात पहिली बाजू सविस्तर आहे आणि दुसरी एका वाक्यात उरकलीय.

पाऊलवाट
मी असा मेसेज मिळालेल्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. आजार वेगळा, पण आनुवंशिकच. चुलत भावाने सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सर्वांनी टेस्ट करून घ्यावी." पुढच्या तासाभरात कुणी हात जोडलेली चित्रं टाकली, कुणी काढे सुचवले, आणि माझ्या सासूबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तू कधी करणार टेस्ट?" मला विचार करायला एक रात्रही मिळाली नाही. टेस्ट करायची की नाही, कधी करायची, निकाल कुणाला सांगायचा, हे माझं होतं आणि ते चव्हाट्यावर आलं.

मला राग आजाराचा आला नाही, "सर्वांनी करून घ्यावी" या वाक्याचा आला. त्याने मला एकटीला लिहिलं असतं आणि "तुला हवं तेव्हा" एवढं म्हटलं असतं, तर मी त्याच आठवड्यात गेले असते. प्रत्यक्षात दोन वर्षं टाळलं.

मधुरा_क
हेच म्हणायचं होतं. पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

निवृत्त_मास्तर
माझ्या माहितीप्रमाणे असे आजार वडिलांकडून मुलग्यांकडे येतात आणि बरेचदा एक पिढी सोडून येतात. त्यामुळे ताईंना कळवायची घाई नसावी. धाकट्या भावाला अवश्य कळवा.

नेफ्रोताई
मास्तर, काही आजार मुलग्यांत जास्त दिसतात किंवा पिढी सोडून येतात, पण मोठेपणी दिसणाऱ्या या पीकेडीत तसं नाही. मुलगा-मुलगी दोघांना सारखीच शक्यता. पिढीही सोडत नाही. "सोडली" असं वाटतं, कारण मधल्या माणसाची तपासणीच झालेली नसते किंवा तो दुसऱ्या कशाने तरी आधी जातो.

त्यावरून विचारते. सांजवात, वडील कशाने गेले? आणि आईची पोटाची सोनोग्राफी कधी झाली होती का?

चकोर
मला मधुमेह निघाला तेव्हा मी आईला सहा महिने सांगितलं नव्हतं. तिला कळलं ते गोळ्यांच्या पाकिटावरून. ती आजाराबद्दल काही बोलली नाही, "मला का नाही सांगितलंस" एवढंच परत परत विचारत राहिली. आईला भावंडांच्या नंतर सांगायचा विचार असेल तर फार दिवस जाऊ देऊ नका.

सांजवात
सगळ्यांचे आभार. ग्रुप रद्द. प्रत्येकाला वेगळं लिहितो.

नेफ्रोताई, वडील ५१ व्या वर्षी गेले. अचानक डोकं प्रचंड दुखायला लागलं, उलटी झाली आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला असं सांगितलं होतं. त्यांना बीपी होतं. किडनीची तपासणी कधीच झाली नव्हती. आईची मात्र मागच्या वर्षी पित्ताशयासाठी सोनोग्राफी झाली होती, आत्ता रिपोर्ट काढून पाहिला, दोन्ही किडन्या नॉर्मल लिहिलंय. तुम्ही हे का विचारलंत?

नेफ्रोताई
आईचं आधी. ६६ व्या वर्षी किडन्या स्वच्छ असतील तर आजार त्यांच्याकडून आलेला नाही. काही थोड्या घरांत हा आजार कुणाकडूनच येत नाही, त्या व्यक्तीतच नव्याने सुरू होतो. पण तुमच्या वडिलांची हकीकत पाहता तो त्यांच्याकडून आला असण्याची शक्यता जास्त वाटते.

वडिलांचं कारण असं. पीकेडी असलेल्यांपैकी साधारण दहांत एकाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा असू शकतो. इतरांमध्ये हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. बहुतेक फुगवटे कधीच फुटत नाहीत. पण घरात कुणाला असा रक्तस्राव झालेला असेल तर डॉक्टर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायचा विचार करतात. वडिलांना नेमकं तेच झालं होतं की नुसत्या बीपीमुळे रक्तस्राव झाला, हे आता सांगता येणार नाही. पण ही हकीकत नेफ्रॉलॉजिस्टच्या कानावर घालाच. सांगितली होती का?

सांजवात
"वडिलांना बीपी होतं, लवकर गेले" एवढंच विचारण्यात आलं आणि मीही तेवढंच सांगितलं. उद्या फोन करतो.

दिगंत
आता हेही मेसेजमध्ये लिहिणार का? किडनीची बातमी, ५० टक्के, वर मेंदूचं. वाचणाऱ्याची झोप उडेल. मी तरी लिहिणार नाही.

खुसपट
दिगंत, इथे मी तुमच्या बाजूने. पण लपवायलाही नको.

नेफ्रोताई
तपासणीचा क्रम पाहिला तर हा प्रश्न थोडा हलका होतो. ताई आणि भाऊ यांना आधी पाहायच्या आहेत त्या किडन्या. किडन्या स्वच्छ निघाल्या तर या कारणासाठी मेंदू तपासायची गरजच उरत नाही. किडनीत आजार निघाला तरच पुढचा प्रश्न येतो, आणि तेव्हा त्यांच्यासमोर त्यांचे स्वतःचे डॉक्टर असतील. म्हणून मी पहिल्या मेसेजमध्ये तो तपशील घालणार नाही, बोलताना सांगेन. एक गोष्ट मात्र बोलण्यात नक्की यावी: कधी अचानक, क्षणात शिगेला पोचणारं, आयुष्यात कधी अनुभवलं नाही असं डोकं दुखलं तर घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.

वयाचंही मनात ठेवा. एकच मजकूर दोघांना पाठवू नका. ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा माणसाची चाळिशीनंतरची सोनोग्राफी स्वच्छ आली तर त्याला आजार नाही असं धरतात. म्हणजे ताईंना एका तपासणीत उत्तर मिळेल. भाऊ २९ चा आहे. तिशीच्या आत सिस्ट इतक्या बारीक असू शकतात की सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी डॉक्टर एमआरआय सुचवतील किंवा काही वर्षांनी परत बोलावतील. "सोनोग्राफी कर, कळून जाईल" असं त्याला लिहिलंत तर पुढे त्याला फसवल्यासारखं वाटेल.

निवृत्त_मास्तर
नेफ्रोताई, ही माहिती मला नव्हती. धन्यवाद.

अंगणवारा
एक व्यवहाराचा मुद्दा. भाऊ तरुण आहे, त्याचा आरोग्य विमा काढून झालाय का? निदान कागदावर आलं की पुढे विमा महाग होतो किंवा या आजारासाठी थांबायला लागतं. आधी विमा, मग तपासणी, असं त्याला सुचवा.

मधुरा_क
पण बऱ्याच अर्जांत घरच्यांच्या आजारांबद्दल विचारतात. तुमचा मेसेज वाचल्यावर त्याला माहीत आहेच. माहीत असून "नाही" लिहिलं आणि उद्या दावा नाकारला तर?

अंगणवारा
खोटं लिहा असं म्हणत नाही. तपासणी झाली नसताना "मला आजार आहे" असंही लिहावं लागत नाही. नियम जागोजागी वेगळे असतात, त्याने अर्ज नीट वाचावा. पण हा विचार करायला त्याला सवड तरी मिळू दे. "लगेच तपासून घे" म्हटलंत तर मिळणार नाही.

पाऊलवाट
विम्याचं मला पटतं आणि पटतही नाही. बीपी वाढलेलं असेल तर थांबण्यात तोटा आहे. निदान बीपी तरी त्याने लगेच मोजावं, त्याला कुणाची हरकत नसावी.

चकोर
एक विचारायचं होतं. ताई लगेच म्हणतील, "माझी किडनी घे." माझ्या ओळखीत असंच झालं होतं, आणि मग सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरत राहिलं.

नेफ्रोताई
हे खरंच होतं, प्रेमापोटी होतं. आत्ता किडनीची गरजच नाही, कदाचित पुढची अनेक वर्षं लागणार नाही. काहींना आयुष्यभर लागत नाही. आणि भावंडाने द्यायची म्हटली तर त्याच्या स्वतःच्या किडन्यांत हा आजार नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यामुळे ताई तसं म्हणाल्या तर "तुझ्या किडन्या आधी तुझ्यासाठी बघून घे" असं सांगता येईल. मसुद्यातलं "पुढे डायलिसिस लागू शकतं" हे वाक्य मात्र काढा. वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं आणि त्यावर आत्ता कुणालाच काही करता येत नाही. थेट विचारलं तर खरं सांगा.

सांजवात
दोन दिवसांनी येतोय. नेफ्रॉलॉजिस्टला वडिलांचं सांगितलं. त्यांनी माझा मेंदूचा एमआरआय लिहून दिलाय. भावंडांच्या बाबतीत ते जवळजवळ नेफ्रोताईंसारखंच बोलले: आधी किडन्या.

नवा मसुदा, ताईसाठी:

"ताई, एक सांगायचं आहे. माझं बीपी जास्त निघालं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी दिसल्या. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी. ह्या गाठी कॅन्सरच्या नाहीत. किडनीचं काम सध्या चांगलं चालू आहे. बीपीची गोळी सुरू केली आहे, सहा महिन्यांनी परत तपासणी आहे. रोजची कामं नेहमीसारखी चालू आहेत.

हा आजार बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो. आईच्या किडन्या नॉर्मल आहेत, त्यामुळे तो बाबांकडून आला असावा. तसं असेल तर तुलाही असण्याची शक्यता निम्मी आहे, नसण्याचीही निम्मी. सोनोग्राफीत कळतं, आणि तुझ्या वयात ती स्वच्छ आली तर काळजीच मिटली. कधी करायची ते तू ठरव, मी परत परत विचारणार नाही. या आठवड्यात बीपी मात्र मोजून घे, आणि तोवर अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस, त्या किडनीला जड जातात.

बाबांच्या जाण्याबद्दलही थोडं बोलायचं आहे, ते रविवारी फोनवर. आईला मी शनिवारी स्वतः जाऊन सांगणार आहे. तोवर तिच्याशी आणि ग्रुपवर याबद्दल बोलू नकोस."

भावाच्या मेसेजमध्ये "काळजीच मिटली" याच्या जागी लिहिलंय: "तुझ्या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तरी पक्कं सांगता येत नाही, डॉक्टर एमआरआय सुचवतील. जाण्याआधी विम्याबद्दल माझ्याशी बोल."

खुसपट
पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला. एकच खटकतं. "बाबांच्या जाण्याबद्दल थोडं बोलायचं आहे, ते रविवारी." हे बुधवारी वाचलं तर मी रविवारपर्यंत काय काय कल्पना करत बसेन? एक तर ते वाक्य काढा, नाहीतर त्याच दिवशी फोन करा.

मधुरा_क
+१. आणि "मी परत परत विचारणार नाही" हे फार आवडलं.

दिगंत
मी आधी म्हटलं होतं, सांगू नका. हा मसुदा वाचून मत बदललं. असा मेसेज मला आला असता तर मी बीपी मोजलं असतं.

चकोर
आईला सांगताना ती विचारेल, "यांच्यामुळे झालं का?" म्हणजे बाबांमुळे. त्याचं उत्तर तयार ठेवा. गेलेल्या माणसावर बोल लागला की आई दुखावतात. "त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्याही हातात नव्हतं" हे आधीच बोलून टाका.

सांजवात
खुसपट, पटलं. संध्याकाळी मेसेज आणि त्याच रात्री फोन, असं करतो. मेसेजमधला "रविवारी" बदलून "आज रात्री नऊला" केलं. चकोर, आईचं डोक्यात नव्हतं, धन्यवाद.

एक प्रश्न राहिला. माझी मुलगी ८ वर्षांची आहे. तिची तपासणी करायची का? आणि तिला काही सांगायचं का?

नेफ्रोताई
यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. लक्षणं नसलेल्या मुलांची सोनोग्राफी लगेच करावी असं काही म्हणतात. मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावं असंही काही म्हणतात, कारण निकालाचं ओझं त्याच्या आयुष्यभर राहतं. बीपी मात्र मुलांचंही वरचेवर मोजावं, यावर वाद नाही. बालरोगतज्ज्ञांना आजाराचं सांगा आणि लहान मुलांच्या मापाचा पट्टा लावून बीपी मोजून घ्या, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा चुकतो.

पाऊलवाट
मुलीला एवढं सांगायला हरकत नाही की बाबा रोज एक गोळी घेतात, कारण त्यांच्या किडन्यांची काळजी घ्यायची आहे. गोळ्या लपवून खाऊ नका. पुढचं ती विचारेल तसं.

अंगणवारा
माझं मत वेगळं आहे, मी थांबलो नसतो, मुलीची सोनोग्राफी करून घेतली असती. पण माझं मूल नाही, म्हणून फार बोलत नाही.

सांजवात
अपडेट. परवा संध्याकाळी दोघांना मेसेज केले आणि रात्री बोललो. भावाने "ओके दादा, वाचलं" एवढंच लिहिलं. फोनवर विम्याचं आधी विचारलं आणि बाकी विषय टाळला. मी ताणलं नाही. ताईने मेसेज वाचल्या वाचल्या जवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन बीपी मोजलं, १४२/९० निघालं. डोकेदुखीचं तिला फोनवर नीट सांगितलं, तिने ते लिहूनही घेतलं. आता ती सोमवारीच सोनोग्राफी करते म्हणतेय आणि विचारतेय की उपाशीपोटी जायचं का. आईकडे उद्या जातोय.

नेफ्रोताई
उपाशीपोटी जायचं का, पाणी पिऊन जायचं का, हे जिथे करणार तिथे वेळ घेतानाच विचारायला सांगा, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते. आणि घरात पीकेडी आहे हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. किती सिस्ट, कोणत्या किडनीत आणि किडन्यांची लांबी, हे रिपोर्टमध्ये लिहून मागायचं. नुसतं "सिस्ट आहेत" असं लिहिलं तर नेफ्रॉलॉजिस्ट परत पाठवतात.